मध्येच बंद केलेलं वर्षाचं सबस्क्रिप्शन: वहीत किती खर्च लिहायचा?

प्रश्न: मी फ्रीलान्स व्हिडिओ एडिटर आहे. १ डिसेंबर २०२४ ला एका सॉफ्टवेअरचा वर्षाचा प्लॅन घेतला, जीएसटी धरून १४,१६० रुपये एकदम भरले. ३१ जुलै २०२५ ला बंद केला, ३,५४० परत आले. ओळखीचे एक जण म्हणतात, वापरलेल्या काळाचाच खर्च दाखव. मग उरलेल्या पैशांचं काय? आणि कॅन्सल केल्यावर बिल ठेवायची गरज आहे का? जीएसटी नोंदणी नाही.

उत्तर:

आधी एक तपासून घ्या. तुम्ही ४४एडीएखाली, म्हणजे जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न दाखवून, रिटर्न भरता का? तसं असेल तर सगळा खर्च त्या उरलेल्या निम्म्यात आलाच असं धरतात. सबस्क्रिप्शनचा एक रुपयाही वेगळा वजा होत नाही. पुढचं सगळं प्रत्यक्ष खर्च दाखवणाऱ्यांसाठी.

तुमच्या ओळखीच्यांचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. कोणत्या वर्षात किती खर्च दाखवायचा, हा एक प्रश्न. एकूण किती खर्च दाखवायचा, हा दुसरा. वापरलेला काळ पहिल्याचं उत्तर देतो. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या खिशातून गेलेले आणि परत न आलेले पैसे देतात.

तुमचेच आकडे घेऊ. १४,१६० भागिले १२, म्हणजे महिन्याला १,१८०. नोंदणी नसल्यामुळे जीएसटीची रक्कमही तुमच्या दृष्टीने खर्चच आहे, ती वेगळी काढायची नाही. डिसेंबर ते मार्च हे चार महिने २०२४-२५ मध्ये पडतात, म्हणून त्या वर्षाचा खर्च ४,७२०. उरलेले ९,४४० हा ३१ मार्चला आगाऊ भरलेला खर्च. तो नफा-तोट्यात जात नाही, ताळेबंदात येणं म्हणून दिसतो आणि १ एप्रिलला पुढच्या वर्षात येतो. दिवसांवर काढलंत तर १२१ दिवसांचे ४,६९४ येतील. सव्वीस रुपयांनी कोणी तुम्हाला पकडणार नाही, फक्त एकदा धरलेली पद्धत दरवर्षी तीच ठेवा.

आता २०२५-२६. एप्रिल ते जुलै वापरलं, आणखी ४,७२० खर्च. आगाऊ खात्यावर ४,७२० उरले. त्यातले ३,५४० बँकेत परत आले, ते त्याच खात्यावर जमा करा. शिल्लक १,१८०. हे पैसे कंपनीने ठेवून घेतले, ते परत यायचे नाहीत. मग ते सोडून द्यायचे का? नाही. धंद्यासाठीच घेतलेल्या साधनाचे पैसे बुडले, ते बंद केल्याच्या तारखेला खर्चात टाका. वापरलं नाही म्हणून खर्च नाही, असा नियम नाही. खर्च पूर्णपणे धंद्यासाठी झाला होता का, हे पाहतात. म्हणजे त्या वर्षाचा खर्च ५,९००, आणि दोन्ही वर्षांचा मिळून १०,६२०. भरलेल्यातून परत आलेले वजा केले की बरोबर तेवढेच उरतात. हा ताळा जुळला नाही तर कुठेतरी रिफंड दोनदा लिहिला गेलाय, किंवा लिहिलाच नाही.

नेहमीची चूक रिफंडच्या नोंदीत होते. बँक स्टेटमेंटवरून वही लिहिणारे ३,५४० सरळ जमेला, म्हणजे 'फी मिळाली' असं टाकतात. त्यामुळे एकूण जमा विनाकारण फुगते. कुणी ४४एडीएत असेल तर त्या फुगलेल्या जमेवर कर भरतो. ते ग्राहकाचे पैसे नाहीत, तुमचेच परत आलेत.

कंपनीने रिफंड न देता सेवा ३० नोव्हेंबरपर्यंत चालू ठेवली असती, तर गणित वेगळं झालं असतं. 'कॅन्सल' दाबलं म्हणजे काळ तिथे संपला असं नाही. बऱ्याच ठिकाणी त्या बटणाने फक्त पुढचं नूतनीकरण थांबतं. म्हणून कॅन्सलच्या ई-मेलमधली 'सेवा या तारखेपर्यंत उपलब्ध' ही ओळ वाचा, वहीतला काळ तिथपर्यंत धरा.

एक अपवाद. तुम्ही रोखीच्या पद्धतीने वही ठेवत असाल, म्हणजे पैसे गेले की खर्च आणि आले की जमा, तर वाटणीची भानगडच नाही. १४,१६० पूर्ण २०२४-२५ चा खर्च, आणि ३,५४० हे २०२५-२६ मध्ये खर्चाची परतफेड म्हणून उत्पन्नात. दोन्ही पद्धती चालतात, पण फी रोखीने आणि खर्च वाटणीने, असा सोयीचा मेळ घालू नका.

आता बिलं. कॅन्सल केल्यावर तर ती जास्तच लागतात, कारण वहीत आता दोन हालचाली आहेत आणि दोन्हींना कागद हवा. मी प्रत्येक सबस्क्रिप्शनचे चार कागद एका फोल्डरमध्ये ठेवतो: मूळ बिल, कॅन्सलचा ई-मेल, रिफंडची क्रेडिट नोट, आणि बँकेची ती ओळ. कार्डाच्या स्टेटमेंटवर रक्कम दिसते, पण कशासाठी, कुठल्या काळासाठी, कुणाच्या नावावर, हे दिसत नाही. ते बिलच सांगतं.

हे शिकलो ते हात पोळून. एका फॉन्टच्या सेवेचं मी आधी खातं डिलीट केलं आणि बिलं नंतर शोधायला गेलो. बिलांचं पान खात्यासोबतच गेलं होतं. सपोर्टला तीन मेल केले, उत्तर आलं की खातं अस्तित्वात नाही. तेव्हापासून क्रम ठरलेला: आधी सगळी पीडीएफ उतरवायची, मग कॅन्सल, आणि खातं डिलीट करायचं तर रिफंड हातात पडल्यावरच.

बँकेतलं ई-मँडेट किंवा यूपीआय ऑटोपे बंद करणं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद करणं नव्हे, हेही लक्षात ठेवा. वर्षाचा करार आणि हप्ता महिन्याला असेल, तर मँडेट तोडूनही उरलेले हप्ते कंपनीच्या वहीत तुमच्या नावावर राहतात, आणि तुमच्या वहीत ते देणं असतं. उलट, फक्त कंपनीकडे कॅन्सल करून मँडेट तसंच ठेवलं आणि पैसे गेले, तर ती रक्कम खर्चात घेऊ नका. परत येईपर्यंत कंपनीकडून येणं म्हणून धरा.

कागद किती वर्षं? सर्वसाधारण नियम संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून सहा वर्षांचा. २०२४-२५ च्या खर्चाचं आकारणी वर्ष २०२५-२६, ते ३१ मार्च २०२६ ला संपतं, म्हणजे मार्च २०३२ पर्यंत. तुमची परतफेड पुढच्या वर्षातली असल्यामुळे तो फोल्डर आणखी एक वर्ष, मार्च २०३३ पर्यंत राहू द्या.