जर्मन किटलीच्या पुस्तिकेतली आज्ञा मराठीत

प्रश्न: जर्मन किटलीची माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. 'नेट्सश्टेकर त्सीएन' याचं 'प्लग काढा', 'काढावा' की 'काढणे'? आणि गेफार, वार्नुंग, फोरझिष्ट या तिन्हींना 'सावधान' चालेल का?

'काढा'च घ्या. जर्मन पुस्तिकेत आज्ञा बहुतेकदा क्रियापदाच्या मूळ रूपात देतात, म्हणून 'काढणे' जवळचं वाटतं. पण मराठीत ते जुन्या पत्रांतलं किंवा कामांच्या यादीतलं रूप झालं. ते वाचून हात प्लगकडे जात नाही. 'काढावा'त सल्ल्याची छटा आहे, शिवाय तिथे लिंग सांभाळावं लागतं: प्लग काढावा, जाळी काढावी, झाकण काढावे. 'वायर' किंवा 'बटन' यांचं लिंग घरागणिक बदलतं आणि पुस्तिकेत चार पानांवर चार रूपं होतात. 'काढा'ला ही अडचणच नाही.

मनाईसाठी 'नका' ठेवा, पण वाक्य आखूड हवं, कारण आपला नकार अगदी शेवटी येतो आणि तो कशाकशाला लागू आहे ते लांब वाक्यात कळत नाही. 'प्लग काढून किटली पाण्यात बुडवू नका' हे वाक्य पाहा. मनाई बुडवण्याला आहे, पण प्लग काढायचा की नाही? प्लग काढलेला नसेल तर बुडवलेली चालते, असाही अर्थ निघतो. तोडून लिहा: 'साफ करण्याआधी प्लग काढा. किटली पाण्यात बुडवू नका. बाहेरून ओल्या फडक्याने पुसा.' उलट 'वायर धरून प्लग ओढू नका' यात मनाई नेमकी 'वायर धरून' यालाच आहे. पुढे 'प्लग धरून काढा' जोडलं की शंका उरत नाही.

'किंडर ड्युर्फेन निष्ट मिट डेम गेरेट श्पीलेन' याचं 'मुले उपकरणाशी खेळू शकत नाहीत' असं करू नका. जर्मनमध्ये ती मनाई आहे. मराठीत मुलांना जमत नाही असं ऐकू येतं. शिवाय पुस्तिका मोठी माणसं वाचतात, तेव्हा 'मुलांना किटलीशी खेळू देऊ नका'.

तिन्हींना 'सावधान' मात्र मुळीच नको. त्या शब्दांची उतरंड ठरलेली असते. गेफार म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. वार्नुंग म्हणजे तशी इजा होऊ शकते. फोरझिष्ट म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. मी अनुक्रमे 'धोका', 'इशारा', 'खबरदारी' वापरते. फक्त वस्तूचं नुकसान होणार असेल तिथे 'सूचना'. पहिल्याच पानावर हे चार शब्द आणि त्यांचे अर्थ छापा, आणि मग एकाच्या जागी दुसरा कुठेही येऊ देऊ नका. 'पाणी MAX रेषेच्या वर भरू नका, उकळतं पाणी बाहेर उडू शकतं' यावर कंपनीने वार्नुंग लिहिलं असेल तर मराठीतही 'इशारा'च हवा. तुम्हाला ती पातळी जास्त वाटली तरी कंपनीला विचारा, आपल्या मनाने उतरवू नका.