मृताच्या नावाने मत : तीन नियम, एक खटला

बेळगावच्या कोर्टात नव्याने उभे राहताना कायद्याचा अर्थ लावण्याच्या शब्दशः, सुवर्ण आणि दोषनिवारण या तिन्ही नियमांच्या व्याख्या पाठ करण्याऐवजी १८६८ चा व्हाइटली विरुद्ध चॅपेल हा इंग्लंडमधील एकच खटला तिन्ही नियमांनी सोडवून पाहा. आरोपीने मृत मतदाराच्या नावाने मत दिले होते, आणि कायद्यात गुन्हा होता ‘मतदानाचा हक्क असलेल्या व्यक्तीचे’ सोंग घेण्याचा. मृताला हक्कच नसतो, म्हणून शब्दशः नियमाने आरोपी सुटला. (खानापूरच्या पक्षकाराला हे सांगितले, तर तो आधी हसेल.)

१८७२ च्या ॲलन खटल्यात मात्र द्विभार्या प्रकरणी ‘विवाह करणे’ याचा अर्थ ‘विवाहविधी पार पाडणे’ असा घेतला गेला, कारण दुसरा विवाह मुळातच अवैध असल्याने शब्दशः अर्थाने कोणीच दोषी ठरला नसता. शब्दशः अर्थाने तरतूदच निरर्थक ठरत असेल, तर अर्थ थोडा वळवून घ्यायचा, हा सुवर्ण नियम. पण व्हाइटलीत तो बेताचाच चालतो, कारण तिथे जिवंत मतदाराचे सोंग घेणारा शब्दशः अर्थानेही सापडतोच.

दोषनिवारणाचा नियम विचारतो की कायदा कोणता दोष मिटवण्यासाठी आला. तोतया मतदान हाच दोष मानला, तर आरोपी अडकतो. तरीही फौजदारी तरतुदीत खरी संदिग्धता उरली, तर तिचा फायदा आरोपीकडे जातो, हे बचाव पक्षाचे उत्तर आधीच लिहून ठेवा.