‘मंगोलॉइड’ या शब्दाचं नेमकं काय बिघडलं?

प्रश्न: जुन्या मानवशास्त्राच्या पुस्तकांत ‘मंगोलॉइड’ हा वंश म्हणून येतो आणि जुन्या वैद्यकीय पुस्तकांत हाच शब्द एका आजाराला लावलेला दिसतो. हे कसं? आणि शास्त्रीय संज्ञाच आहे तर ती आता अपमानकारक का मानतात?

शास्त्रीय होती म्हणून निर्दोष होती, हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो आणि तो मुळातच चुकीचा आहे. वर्गीकरणाची संज्ञा तिच्यामागचं वर्गीकरण जितकं खरं तितकीच शास्त्रीय असते. दुसऱ्या बाजूचे लोकही तितकीच चुकीची माहिती पसरवतात. ‘ऑइड’ या प्रत्ययाचाच अर्थ ‘नकली, हलक्या प्रतीचं’ असा आहे आणि म्हणून शब्द वाईट, असं ते सांगतात. तसं अजिबात नाही, आणि आधी हा प्रत्ययच सोडवून घ्यायला हवा, कारण त्याची व्युत्पत्ती फार सुंदर आहे.

ग्रीकमध्ये ‘एइदोस’ म्हणजे दिसणारं रूप, आकार. त्यावरून ‘-ओएइदेस’ म्हणजे ‘त्या रूपाचं’, आणि ते लॅटिनमार्गे झिजत ‘-ऑइड’ झालं. यातला ‘ऑ’ खरं तर प्रत्ययाचा नाहीच, दोन शब्द जोडणारा तो स्वर आहे. खांद्याचा ‘डेल्टॉइड’ स्नायू म्हणजे डेल्टा या त्रिकोणी अक्षरासारखा, ‘थायरॉइड’ म्हणजे ढालीसारखी, ‘अ‍ॅस्टेरॉइड’ म्हणजे ताऱ्यासारखा दिसणारा. यात कमीपणा कुठेच नाही. आता पुढची गंमत. ‘एइदोस’च्या आरंभी प्राचीन ग्रीकमध्ये ‘व’ होता, ‘वेइदोस’ असा. पुढे बहुतेक ग्रीक बोलींतून हा ‘व’ गळून गेला. तो परत जागेवर ठेवला की मूळ धातू उघडा पडतो: संस्कृतमधला ‘विद्’. लॅटिनमध्ये तोच ‘विदेरे’, म्हणजे पाहणे, आणि त्यावरूनच ‘व्हिडिओ’. ग्रीकांनी ‘पाहिलेलं’ यावरून ‘रूप’ घेतलं, आपल्याकडे ‘पाहिलेलं’ यावरून ‘जाणलेलं’ झालं. म्हणजे ‘वेद’, ‘विद्या’ आणि ‘-ऑइड’ ही एकाच घरची भावंडं. माझं ठाम मत असं की या शब्दाची सगळी कर्मकथा याच दोन अर्थांच्या मधल्या फटीत घडली. जे नुसतं दिसलं होतं, ते जाणलं आहे असं धरून चाललं गेलं.

आता मानवशास्त्र. जर्मनीतल्या गटिंगेनचे शरीरशास्त्रज्ञ योहान फ्रीडरिश ब्लूमेनबाख यांनी आपल्या ग्रंथाच्या १७९५ च्या आवृत्तीत माणसांचे पाच प्रकार मांडले: कॉकेशियन, मंगोलियन, इथिओपियन, अमेरिकन आणि मलय. त्यांच्या मते कॉकेशियन रूप मूळ आणि बाकीची त्यापासून ढळत गेलेली. स्वतः ब्लूमेनबाख कोणालाही बुद्धीने कमी मानत नव्हते, या प्रकारांच्या सीमा एकमेकींत मिसळतात हेही त्यांनी लिहून ठेवलं होतं. पण ‘मूळ’ आणि ‘ढळलेले’ ही उतरंड त्या मांडणीत बसली ती बसलीच. १८७० मध्ये इंग्रज जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्स्ली यांनी मानवजातीच्या भौगोलिक विभागणीवर लिहिताना ‘मंगोलॉइड’ हे रूप वापरलं, आणि पुढची शंभर वर्षं ते चाललं.

त्यात चूक काय, ते प्रत्ययच सांगतो. चिनी, जपानी, कोरियन आणि अमेरिका खंडातले मूळ रहिवासी, अशा कोट्यवधी लोकांची ओळख ‘मंगोलांसारखे दिसणारे’ अशी करायची, म्हणजे एका देशाच्या लोकांना साचा ठरवायचं आणि बाकीच्यांना त्याच्या प्रती. आणि हा साचा आतून पोकळ होता. १९७२ मध्ये अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तातल्या प्रथिनांचे फरक मोजले, तेव्हा मानवातल्या एकूण विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग एकेका लोकसमूहाच्या आतच सापडला. तथाकथित वंशावंशांमधला फरक सहा-सात टक्क्यांवर थांबला. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर येणारी त्वचेची घडी ही ‘मंगोलॉइड’ खूण मानली जाई. ती दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांतही दिसते आणि जगभरातल्या तान्ह्या बाळांतही.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा धागा, म्हणजे आज जिला डाऊन सिंड्रोम म्हणतात ती स्थिती, इथून सुरू होतो. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात अर्ल्सवुड इथे बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी मोठी संस्था होती. जॉन लँग्डन डाऊन १८५८ पासून तिचे वैद्यकीय अधीक्षक होते. १८६६ मध्ये त्यांनी एक छोटा निबंध छापला. त्यात आपल्या संस्थेतल्या मुलांची त्यांनी वंशांनुसार विभागणी केली, आणि वंश घेतले ते ब्लूमेनबाख यांचेच पाच. इंग्रज आईबापांच्या मुलांना त्यांनी कोणाला ‘इथिओपियन’, कोणाला ‘मलय’ ठरवलं. हे गट तिथेच विरून गेले. टिकला तो फक्त ‘मंगोलियन’, कारण त्या नावाखाली त्यांच्या हाती खरोखरचा एक वेगळा लक्षणसमूह लागला होता.

निरीक्षक म्हणून डाऊन फार तयारीचे होते. सपाट आणि रुंद चेहरा, तिरके डोळे, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधलं जास्त अंतर, जाड आणि खडबडीत जीभ, नकला करण्याची हौस, विनोदाची जाण, हे सगळं त्यांनी नोंदवलं. गंमत म्हणजे त्याच वर्णनात त्यांचा सिद्धान्त कोसळतो. या मुलांचे केस खऱ्या मंगोलांसारखे काळे नसून तपकिरी आणि विरळ आहेत, असं ते स्वतःच लिहितात. तरी निष्कर्ष काय, तर आईवडिलांच्या आजारामुळे, मुख्यतः क्षयामुळे, वंशांमधली भिंत मोडते आणि युरोपियन मूल ‘मंगोल’ रूपाला उतरतं. ‘ढळण्या’ची ब्लूमेनबाखी कल्पना इथे सरळ रोगाचं कारण होऊन बसली.

डाऊन यांना वर्णद्वेष्टा म्हणून निकालात काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. रोगाने वंश बदलू शकत असेल तर वंश या स्वतंत्र जाती नाहीत, सगळी मानवजात एक आहे, असा निष्कर्ष त्यांनी त्याच निबंधाच्या शेवटी काढला होता. त्या काळी उलटं म्हणणारे पुष्कळ होते. पण हेतू चांगला म्हणून नाव चांगलं ठरत नाही. या नावाने एकाच फटक्यात दोघांचा अपमान केला. मंगोलियाच्या माणसाला सांगितलं की तुझा चेहरा म्हणजे मतिमंदत्वाची खूण, आणि त्या मुलाला सांगितलं की तू तुझ्या आईबापांच्या वंशाचा नाहीस.

कल्पना किती लांब गेली याचा नमुना म्हणजे फ्रान्सिस क्रुकशँक हे इंग्रज डॉक्टर. त्यांनी १९२४ मध्ये पुस्तक लिहून या मुलांचा संबंध तळहाताच्या रेषांवरून आणि बसण्याच्या ढबीवरून ओरांगउटानशी जोडला. खरं तर डाऊन यांचे चिरंजीव रेजिनाल्ड यांनी १९०६ मध्येच हे साम्य वरवरचं आहे असं म्हटलं होतं. पण मत म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा आणला तो इंग्रज आनुवंशशास्त्रज्ञ लायोनेल पेनरोज यांनी, आणि त्यांची रीत साधी होती. ‘बी’ रक्तगट आशियात बराच आढळतो, पश्चिम युरोपात कमी. युरोपियन मूल खरोखरच मंगोल रूपाला उतरत असेल तर त्याच्या रक्तातही ‘बी’चं प्रमाण वाढलेलं दिसायला हवं. पेनरोज यांनी या मुलांचे रक्तगट तपासून १९३२ मध्ये निकाल छापला: प्रमाण आसपासच्या इतर इंग्रजांसारखंच. मुलं आपल्या आईबापांचीच होती. दुसरी खात्री तर डोळ्यांसमोर होती. हेच लक्षणसमूह घेऊन आशियातही मुलं जन्मतात आणि त्यांच्या भावंडांत ती वेगळी ओळखू येतात. ‘मंगोल’ असणं हाच आजार असता तर हे वेगळेपण दिसलंच नसतं.

खरं कारण १९५९ मध्ये पॅरिसमधून आलं. मार्थ गोतिए, जेरोम लेज्यून आणि रेमों तुर्पँ यांनी या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं दाखवली. एकविसाव्या जोडीत एक जास्तीचं. १९६१ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून ‘मंगोल’ शब्द सोडण्याची मागणी केली. सह्या करणाऱ्यांत पेनरोज होते, लेज्यून होते आणि डाऊन यांचे नातू नॉर्मनही होते. पत्रात पर्यायी नावं सुचवली होती, त्यातलं ‘डाऊन्स सिंड्रोम’ संपादकांनी उचललं. मग १९६५ मध्ये मंगोलियाच्या प्रतिनिधींनी जागतिक आरोग्य संघटनेकडे विनंती केली आणि संघटनेनेही जुनं नाव टाकून दिलं. म्हणजे ‘कोणाला वाईट वाटेल’ म्हणून शब्द गेला, असं म्हणणारे अर्धीच गोष्ट सांगतात. आधी तो खोटा ठरला, मग गेला.

रस्त्यावरून मात्र तो गेला नाही. इंग्रजीत ‘माँग’, फ्रेंचमध्ये ‘मोंगोलियँ’, स्पॅनिशमध्ये ‘मोंगोलिको’ या शिव्या वैद्यकातूनच उतरल्या आहेत. वंशवाचक अर्थाने तो ‘निव्वळ तांत्रिकपणे’ वापरतो म्हणणाऱ्याच्या बोलण्यातही ही छटा येतेच, आणि ऐकणारा ती ऐकतो.

आणखी एक गैरसमज फार ऐकतो म्हणून सांगतो. ‘डाऊन’ म्हणजे ‘खालचा’ किंवा ‘मागे पडलेला’ नव्हे. ते आडनाव आहे. म्हणून त्याचं भाषांतर करायचं नाही. डाऊन सिंड्रोम किंवा, एकविसावं गुणसूत्र तीनदा असतं म्हणून, ट्रायसोमी २१ असं लिहावं. डोळ्यांचं वर्णन करायचं तर ‘बाहेरचा कोपरा वर चढलेले डोळे’ म्हणावं, ‘मंगोलॉइड डोळे’ नव्हे. लोकसमूहाबद्दल लिहिताना देश किंवा प्रदेश सांगावा: पूर्व आशियाई, मंगोलियन, जे असेल ते. जुना मजकूर उद्धृत करताना शब्द बदलू नये, अवतरणात ठेवून काळ सांगावा.

एक अवशेष मात्र रुग्णालयांत अजून जिवंत आहे: बाळाच्या कमरेवरचा ‘मंगोलियन स्पॉट’. हे नाव जपानमध्ये काम करणारे जर्मन डॉक्टर एर्विन बेल्त्स यांनी १८८५ मध्ये दिलं. रंगद्रव्याच्या पेशी त्वचेच्या खोल थरात राहून गेल्यामुळे डाग निळसर दिसतो, आणि तो आशियाई, आफ्रिकी, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या बाळांत सर्रास असतो. इथे नाव चुकीचं असण्याचा तोटा प्रत्यक्ष होतो. हा डाग फक्त एका ‘वंशा’त असतो असं समजणारा डॉक्टर दुसऱ्या बाळाच्या पाठीवर तो पाहून माराचा वळ समजू शकतो. फरक ओळखणं अवघड नाही. माराचा डाग दुखतो आणि काही दिवसांत हिरवट-पिवळा होत जातो. हा डाग दाबला तरी बाळ रडत नाही, आठवडे उलटले तरी रंग तोच राहतो आणि बहुधा पहिल्या काही वर्षांत आपोआप फिका पडतो. म्हणून जन्माच्या वेळीच त्याची जागा आणि आकार कागदावर नोंदवावा, आणि नाव लिहावं ‘जन्मजात निळसर डाग’.