जीआय सगळ्यांचा, फोटो आमचा

प्रश्न: कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, दुकानाच्या नावाचा ट्रेडमार्कही घेतलाय. मग डिझाईन वेगळं रजिस्टर करायची काय गरज?

हेच वाक्य आमचे दादा दोन वर्षं ऐकवत होते, म्हणून लिहायला बसलोय.

आम्ही अथणीचे. एका पावसाळ्यात पुतण्यानं नवा जोड काढला. चपलेच्या बाजूचे कान नेहमीसारखे सरळ न ठेवता पानासारखे कापले आणि पट्ट्यावरची वेणी तिरकी घेत अंगठ्यापर्यंत नेली. मी म्हटलं, आधी डिझाईनचा अर्ज टाकू. दादा म्हणाले, "जीआय हाय की आपल्याला, वर ट्रेडमार्क." त्याच रात्री पोरानं फोटो दुकानाच्या इन्स्टाग्रामवर टाकला.

दिवाळीत एका व्यापाऱ्याकडं तोच कान, तीच तिरकी वेणी, खाली रेक्झिनचा तळ आणि किंमत आमच्या निम्मी. वर नाव त्याचं स्वतःचं, त्यामुळं आमचा ट्रेडमार्क तिथं लागूच होईना. 'कोल्हापुरी' शब्दही नाही, नुसतं 'एथनिक सँडल'. मग जीआय तरी कशाला धरणार? 2025 च्या जूनमध्ये मिलानला प्राडानं कोल्हापुरीसारखी सँडल दाखवली, तेव्हाही तिथं कोल्हापुरीचं नाव नव्हतं. मी पेपर दादांच्या पुढ्यात ठेवला, त्यांनी घडी घालून बाजूला सारला.

बेळगावला वकिलाकडं गेलो. त्यांनी एकच विचारलं, "फोटो कधी टाकला?" चार महिने झाले होते. अर्जाच्या तारखेला डिझाईन नवं असावं लागतं, जगात कुठंही उघड झालेलं चालत नाही, आणि स्वतः टाकलेला फोटोही त्यात धरतात. रजिस्ट्रेशन हातात पडलं असतं तरी समोरच्यानं तीच पोस्ट दाखवून ते रद्द करून घेतलं असतं. सोडून दिलं.

तुमचा जीआय तुमचा एकट्याचा नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांचा आहे. नियमाप्रमाणं चप्पल करणारा तुमचा शेजारीही त्यात अधिकृत वापरकर्ता होऊ शकतो, आणि तुमचा नवा कान त्यानं उचलला तर जीआय त्याला अडवत नाही. ते काम डिझाईनचं. पण डिझाईन दहा वर्षं, वाढवून पंधरा, नंतर सगळ्यांना मोकळं. ट्रेडमार्क दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत कायम चालतो.

म्हणून प्रत्येक जोडाला अर्ज करत बसू नका. एका हंगामात विरणाऱ्या फॅशनला कशाला? आजोबांपासून चालत आलेली कापशी चप्पल तर नवी नाहीच, तिला डिझाईन मिळणार नाही. नवा आकार वर्षानुवर्षं खपेल असं वाटलं तर मात्र अर्ज आधी, स्टेटस नंतर. हां, सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला सूट आहे, पण त्यासाठीही आधी नोटीस द्यावी लागते आणि सहा महिन्यांत अर्ज.

दादा अजून म्हणतात, फोटो पोरानं टाकला. टाकला, कबूल. पण स्वतःच्या नावानं अर्ज करायची फी हजार रुपये होती, ते गल्ल्यातून कुणी काढू दिले नाहीत?