हप्ता भरलाय, पावती नाही. पुढचा थांबवू का?

प्रश्न: "पुण्यात फ्लॅट बुक केलाय, किंमत ६२ लाख. प्लिंथचा १० टक्के हप्ता मागच्या महिन्यात टीडीएस कापून आरटीजीएसने भरला. पावती आली नाही, उलट नव्या मागणीपत्रात तोच हप्ता थकीत दाखवलाय. पावती मिळेपर्यंत पुढचा हप्ता रोखून धरू का?"

रोखू नका. पावती न देणं ही बिल्डरची चूक, पण त्यामुळे पुढचा हप्ता वेळेवर भरण्याची तुमची जबाबदारी टळत नाही. उशीर झाला की महारेराच्या नियमाप्रमाणे स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर २ टक्के जोडून व्याज लागतं. आज कागदावर खोटी असलेली थकबाकी तुम्ही स्वतःच खरी कराल.

आधी बँक स्टेटमेंट काढा आणि पैसे गेलेला खाते क्रमांक मागणीपत्राशी अंक न् अंक ताडून पाहा. आरटीजीएसमध्ये रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावर, नावावर नाही. एक अंक जरी चुकला असेल, तर बिल्डरला लिहिण्याआधी आजच तुमच्या बँकेत जा.

क्रमांक बरोबर असेल, तर माझा अंदाज टीडीएसवर आहे. मागणी ६,२०,००० आणि ५ टक्के जीएसटी ३१,००० अशी एकूण ६,५१,००० ची. तुम्ही ६,२०० कापून पाठवले ६,४४,८००. आकडा जुळत नाही, म्हणून अकाउंट्सवाले रक्कम कुणाच्याच नावे न टाकता बाजूला ठेवतात, आणि पावती अडकते.

तेव्हा ईमेल थेट अकाउंट्सला करा, सेल्सच्या माणसाला फक्त प्रत. मजकूर एवढाच पुरे:

"फ्लॅट क्र. __, प्लिंथ टप्प्याची मागणी रु. ६,५१,०००. दि. __ रोजी आरटीजीएसने रु. ६,४४,८०० आपल्या खाते क्र. __ मध्ये भरले, यूटीआर क्र. __. टीडीएस रु. ६,२०० वेगळा भरला असून चलन जोडले आहे. कृपया रु. ६,५१,००० ची पावती द्यावी, नव्या मागणीपत्रातील थकबाकी व त्यावरील व्याज काढून टाकावे आणि माझ्या खात्याचा उतारा सात दिवसांत पाठवावा."

सोबत ॲपचा स्क्रीनशॉट नको, बँकेच्या स्टेटमेंटचं ते पान जोडा. टीडीएस नुसता कापून ठेवला असेल, तर ईमेलच्या आधी भरा. ज्या महिन्यात कापला, तो संपल्यापासून ३० दिवसांची मुदत असते. तो भरलेला नसेल, तर ६,२०० बाकी दाखवण्यात बिल्डरचं काही चुकत नाही.

सात दिवसांत उत्तर आलं नाही, तरी पुढचा हप्ता मुदतीत भरा. मात्र त्याच दिवशी दुसरा ईमेल करा: "ही रक्कम फक्त पहिल्या स्लॅबच्या मागणीपोटी आहे, मागील कोणत्याही बाकीत वळती करू नये." पैसे कशापोटी दिले हे देणाऱ्याने सांगितलं, तर घेणाऱ्याला ते तसेच जमा करावे लागतात, करार कायद्याचं कलम ५९ तेच सांगतं. तुम्ही गप्प राहिलात, तर बिल्डर नवे पैसे जुन्या बाकीत टाकून पहिला स्लॅब थकीत दाखवू शकतो.