ओल भिंतीत, नकार वॉरंटीत

*"चिपळूणला तिसऱ्या मजल्यावर राहते. नोव्हेंबरात ३४,००० रुपयांचा ४३ इंची टीव्ही घेतला, कंपनीच्याच माणसाने येऊन भिंतीवर बसवला. जुलैत सलग पाऊस लागला आणि एका सकाळी टीव्ही सुरूच होईना, नुसता लाल दिवा लुकलुकतो. त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, पण टीव्हीवर पाणी पडलेलं नाही. सर्व्हिसवाल्याने न उघडताच 'आत पाणी गेल्याने बिघाड, वॉरंटी लागू नाही' असं लिहिलं आणि बोर्डाचे ११,५०० सांगितले. शेजारी म्हणतात, हेअर ड्रायरने सुकवून बघा. मी सुकवून चालू करून पाहिला तर माझा हक्क जाईल का?"*

ताई, बाहेरून सुकवल्याने हक्क जात नाही. मागचं झाकण उघडलंत तर मात्र अडचण होईल. सील तुटलं की 'ग्राहकाने छेडछाड केली' असं म्हणायला कंपनी मोकळी होते, आणि पुढे टीव्ही तपासणीला गेला तर आतली मूळ अवस्था कुणालाच सांगता येत नाही. शिवाय पॉवर बोर्डवरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ जीवघेणा व्होल्टेज राहू शकतो. त्यामुळे ओळखीच्या मेकॅनिकलाही आत्ता झाकण उघडू देऊ नका.

सुकवण्याआधी पुरावा करून ठेवा. दिवा लुकलुकतानाचा व्हिडिओ घ्या, आणि किती वेळा लुकलुकून थांबतो तेही त्यात दिसू द्या. बऱ्याच टीव्हींमध्ये ती संख्या म्हणजे टीव्हीने स्वतःच सांगितलेला दोष असतो. मागच्या झाकणाचे, स्क्रूंचे, सील असेल तर त्याचे, पॉवर आणि केबलच्या जोडांचे जवळून फोटो काढा. पाण्याचे ओघळ, गंज किंवा पांढरी बुरशी कुठेच दिसत नसेल, तर 'आत पाणी गेलं' या शेऱ्याला तेच फोटो उत्तर देतील. भिंतीचेही फोटो काढा, ओल लपवू नका. ती पुढे उघड होणारच आहे, आणि तुमच्या तोंडून आधी आलेली बरी.

मग स्विच बंद करून प्लग काढा. सॉकेटच ओलसर वाटत असेल तर आधी त्या लाईनचा एमसीबी पाडा. डिशची किंवा केबलची वायर आणि सेट-टॉप बॉक्सची जोडणीही सोडवा. दोघांनी मिळून टीव्ही भिंतीवरून उतरवा आणि घरातल्या सगळ्यात कोरड्या खोलीत उभा ठेवा. पडद्यावर पालथा घालू नका. जुलैत चिपळूणची हवाच दमट असते, तेव्हा खिडकी उघडी ठेवून पंखा लावलात तर तीच ओली हवा आत ढकलली जाईल. खिडक्या लावा. एसी असेल तर ड्राय मोडवर ठेवा, नसेल तर पंखा दूरवरून हळू राहू द्या. पूर्ण दोन दिवस. घाई करण्यासारखं यात काही नाही.

हेअर ड्रायर नको. त्याच्या झोताने पडद्यामागचे पातळ थर वाकतात, आणि आतली वाफ एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा गार होते. ऊन, हीटर, तांदळाचं पोतं यांपैकीही काही नको. सगळ्यात वाईट सवय म्हणजे 'गरम झाला की चालेल' म्हणून दर तासाला स्विच दाबत राहायचं. बोर्डावर ओलाव्याचा थर असताना वीज आली की ती नको त्या वाटेने वाहते, आणि जो दोष नुसत्या सुकण्याने गेला असता तो जळलेला बोर्ड होतो.

दोन दिवसांनी एकदाच, एक्स्टेन्शन बोर्ड न वापरता भिंतीतल्या अर्थिंग असलेल्या कोरड्या सॉकेटमध्ये प्लग लावून पाहा. याचाही व्हिडिओ घ्या. चुरचुर आवाज, जळका वास आला किंवा एमसीबी पडला, तर प्लग काढून ठेवा आणि पुन्हा प्रयत्न करू नका. एक मर्यादा मात्र आहे. भिंतीतून पाणी खरोखर टीव्हीच्या मागे झिरपून आत गेल्याची खूण दिसली, तर सुकवूनही प्लग लावायचा नाही.

आता निकाल काहीही लागो, त्याचा अर्थ समजून घ्या. टीव्ही सुरू झाला तर दोष दमटपणाने आलेला तात्पुरता अडथळा असावा. मग बोर्ड पाण्याने गेला म्हणून ११,५०० रुपये मागणं टिकत नाही. कंपनी लगेच म्हणेल, 'बघा, ओलाव्यामुळेच झालं.' म्हणू द्या. वॉरंटीतला अपवाद सहसा आत गेलेल्या पाण्याबद्दल असतो, हवेतल्या दमटपणाबद्दल असेलच असं नाही. तुमच्या वॉरंटी कार्डावर नेमके कोणते शब्द आहेत ते वाचा. त्यासोबत माहितीपुस्तिकेतलं दमटपणाचं कलमही वाचा. तिथे बहुधा ८० टक्क्यांपर्यंत आणि बाष्प न जमणारी हवा, अशा अर्थाचं काही असतं. कोकणातल्या पावसाळ्यात हवा त्याच्या वर जातेच. चार महिने वापरण्याजोगी नसलेली वस्तू इथे विकली आणि विकताना सांगितलं नाही, हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम १६ मध्ये वस्तू वापरण्याजोगी आणि विक्रीयोग्य असावी, ही गर्भित अट आहे. त्यातही टीव्ही कंपनीच्या माणसानेच त्या भिंतीवर बसवला. भिंत चालणार नव्हती तर तेव्हाच सांगायचं होतं. इन्स्टॉलेशनची पावती शोधून ठेवा.

टीव्ही सुरू झाला नाही, तरी शेऱ्याची किंमत वाढत नाही. न उघडता आतलं पाणी दिसत नसतं. पण खरं सांगतो, प्रकरण ग्राहक आयोगाकडे गेलं तर तिथे वस्तूत दोष आहे हे आधी तुम्हालाच दाखवावं लागेल. तो ग्राहकाच्या वापरामुळे झाला असं म्हणून जो अपवादाचा आधार घेतो, त्याने ते सिद्ध करायचं. म्हणूनच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ मधली तरतूद कामाची आहे. तपासल्याशिवाय दोष ठरत नसेल, तर आयोग वस्तू सील करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागते. झाकण जसंच्या तसं ठेवायला सांगितलं ते यासाठीच.

आधी दुकानदार आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टाने आणि ईमेलने नोटीस द्या. बिलाची तारीख, बिघाडाचा दिवस, न उघडता दिलेला शेरा, फोटो आणि व्हिडिओ यांचा उल्लेख करा. मागणी दोनच ठेवा: लेखी कारणासह तपासणी, आणि मोफत दुरुस्ती किंवा बदली. पंधरा दिवसांची मुदत द्या. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. पुष्कळदा प्रकरण इथेच मिटतं.

नाहीच मिटलं तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला दाव्याची फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ३४,००० रुपयांचा परतावा किंवा दुरुस्ती, आणि माफक खर्च मागा. मनस्तापापोटी लाखभर मागितले की मूळ मुद्दाच हलका होतो.

घरात टीव्हीची गरज असेल आणि पैसे देऊन बोर्ड बदलावाच लागला, तर जॉबशीटवर 'हक्क राखून, निषेधासह रक्कम दिली' असं स्वतःच्या हाताने लिहून सही करा. काढलेला जुना बोर्ड पिशवीत घालून मागून घ्या. देत नसतील, तर नकार त्याच कागदावर लिहायला लावा.