पेमेंट फेल झालं की किती वेळा रिट्राय करायचं, किती मेसेज पाठवायचे?

प्रश्न: आमचं महिना ₹२९९ चं सबस्क्रिप्शन आहे, बहुतेक लोक यूपीआय ऑटोपेवर. पेमेंट फेल झालं की आम्ही रोज रिट्राय करतो आणि रोज मेसेज जातो, लोक वैतागून मॅन्डेटच रद्द करतायत. शेड्यूल कसं लावावं?

उत्तर:

आधी रिट्राय आणि मेसेज यांची गाठ सोडा. रिट्राय हा तुमचा आणि बँकेचा मामला आहे, त्यात ग्राहकाला काही करायचंच नसेल तर त्याला कशाला कळवायचं? मेसेज फक्त तेव्हाच, जेव्हा त्याच्या हातून काहीतरी व्हायला हवंय.

आणि रोज रिट्राय तर आता चालतच नाही. १ ऑगस्ट २०२५ पासून एनपीसीआयच्या नियमाने ऑटोपेला एक मूळ प्रयत्न आणि जास्तीत जास्त ३ रिट्राय मिळतात, तेही गर्दीच्या वेळा सोडून, म्हणजे सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते साडेनऊ बंद. हातात तीनच रिट्राय असतील तर ते कुठे वापरायचे हे फेल का झालं त्यावर ठरवा. गेटवेकडून नुसतं 'पेमेंट फेल' घेऊ नका, बँकेचा मूळ कोड मागा. Z9 आला तर खात्यात पैसे नाहीत, इथे वाट बघण्यात अर्थ आहे. ग्राहकाने मॅन्डेट रद्द केलं असेल तर रिट्राय करून काहीच होणार नाही, नवीन मॅन्डेटची लिंक एकदा पाठवा आणि थांबा. बँकेचा सर्व्हर पडला असेल किंवा टाइमआउट आला असेल तर आधी त्या व्यवहाराचं स्टेटस तपासा, कारण पेंडिंग दिसणारं पेमेंट बरेचदा नंतर यशस्वी होतं आणि तोवर तुम्ही दुसरं मारलं तर दोनदा पैसे कापले जातात.

आता Z9 चंच उदाहरण घेऊ, कारण पैसे परत मिळवायची खरी संधी तिथेच आहे. समजा रिन्यूअल २८ तारखेला आहे. सकाळी ७ ला प्रयत्न केला, Z9 आला. महिनाअखेर आहे, २९ आणि ३० ला पुन्हा मारून दोन रिट्राय वाया घालवण्यात काय हशील, पगार व्हायचाय अजून. म्हणून रिट्राय २, ५ आणि ८ तारखेला सकाळी ७ ला ठेवा, बऱ्याच जणांचा पगार ७ पर्यंत जमा होतो. २८ ला मेसेज नाही, ॲपमध्ये फक्त एक छोटी पट्टी दाखवा. पहिला मेसेज १ तारखेला सकाळी ११ च्या सुमारास, साधा: "या महिन्याचे ₹२९९ जमा झाले नाहीत. उद्या सकाळी पुन्हा प्रयत्न करू, खात्यात तेवढी रक्कम असू द्या. तुमची सेवा चालूच आहे." २ चा रिट्राय फेल गेला तरी गप्प बसा. ५ चाही गेला तर दुसरा मेसेज, त्यात पेमेंटची लिंक, लॉगिन न करता थेट उघडणारी. ८ ला शेवटचा फेल गेला तर तिसरा, त्यात सेवा १० तारखेला थांबेल हे स्पष्ट लिहा आणि त्याचा डेटा तसाच राहील हेही लिहा, लोकांना खरी धास्ती त्याची असते. बस, तीन मेसेज.

हे लावण्याआधी एक बघा, मॅन्डेट बनवताना तारखेचा नियम ON, BEFORE किंवा AFTER असा असतो. ON २८ घेतलं असेल तर २ तारखेचा रिट्राय त्या नियमात बसणार नाही. तुमचा नियम कोणता आहे आणि रिट्रायआधी २४ तासांची सूचना नव्याने लागते का, दोन्ही गेटवेला विचारून घ्या.

सगळ्यात जास्त शिव्या कशाला पडतात माहितीये? पैसे भरून झाल्यावर आलेल्या आठवणीला. पैसे आल्याचं कळवणारा गेटवेचा वेबहुक उशिरा येतो आणि रांगेतला मेसेज निघून जातो. म्हणून मेसेज सुटायच्या क्षणी इनव्हॉइसचं स्टेटस परत तपासा, शेड्यूल लावताना तपासलेलं जुनं झालेलं असतं. आणि ग्राहकाने लिंकवरून पैसे भरले की उरलेले रिट्राय लगेच रद्द करा, नाहीतर ८ ला सकाळी परत ₹२९९ जातील आणि मग तो मॅन्डेट काढणारच, त्याचं काय चुकलं. मेसेजचा जॉबही रिट्रायपासून वेगळा ठेवा, सकाळी ७ ला फेल झालं म्हणून सकाळी ७ ला कुणाचा फोन वाजू नये.

लावल्यावर दोन आकडे शेजारी ठेवून बघत जा: प्रत्येक मेसेजनंतर दोन दिवसांत किती जणांनी पैसे भरले आणि किती जणांनी मॅन्डेट रद्द केलं. दुसऱ्या मेसेजनंतर रद्द करणारे भरणाऱ्यांपेक्षा जास्त दिसले तर तो काढून टाका, ५ चा रिट्राय गुपचूप जाऊ दे आणि लिंक तिसऱ्यात द्या.